मीटर ओळखायचा तर पाटी वाचा

मीटरचा फोटो टाकून ‘हा स्मार्ट आहे का साधा?’ असं विचारायचं आणि चार जणांनी चार उत्तरं द्यायची, हे धाराशिव, कळंब, तुळजापूरच्या गटांवर रोजचं झालं आहे. उत्तरं देणारे खोटं बोलत नाहीत, पण ते चुकीच्या जागी बघतात. कोणी आकडे बघतो, कोणी स्क्रीन, कोणी सीलचा रंग. माझं म्हणणं असं की या तिन्हींतून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. खात्री होते ती मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरात छापलेल्या पाटीवरून.

आधी फिरत्या आकड्यांचं पाहू. खिडकीत ॲल्युमिनियमची चकती फिरताना दिसते आणि पाटीवर Rev/kWh असं असतं, तेव्हा तो जुना, चकतीचा मीटर, यात वाद नाही. पाटीवर ६०० असेल तर चकतीचे ६०० फेरे म्हणजे एक युनिट. पण आकड्यांची चाकं दिसली की चकती असणारच, असं नाही. आतून पूर्ण इलेक्ट्रॉनिक आणि समोर मात्र चाकांचे आकडे, असे मीटर आपल्याकडे भरपूर बसले. त्यात चकतीच्या जागी लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि पाटीवर imp/kWh लिहिलेलं असतं. हा आकडा ३२०० असेल तर १०० वॅटचा एकच बल्ब लावून ठेवल्यावर दिवा साधारण अकरा सेकंदांनी एकदा लुकलुकेल. त्याचं लुकलुकणं म्हणजे वीज मोजली जाते आहे, एवढंच. कोणी दूरवरून काही बघतंय, असा त्याचा अर्थ नाही.

खरा घोळ स्क्रीनच्या मीटरमध्ये होतो. एक फोटो डोळ्यासमोर आणा: भिंतीवर प्लास्टिकची पेटी, आत पांढरा मीटर, स्क्रीनवर आकडे, एक बटण, बाजूला गोल धातूची कडी. बघणारा लगेच म्हणतो, स्मार्ट! पण ती कडी रीडिंगचं यंत्र चिकटवण्याची जागा आहे आणि ती साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरही असते. महावितरणने स्मार्टच्या कितीतरी आधी रेडिओ लहरींवर रीडिंग देणारे मीटरही बसवले. ते जवळ आलेल्या हातातल्या यंत्राला आकडा सांगतात, कार्यालयातून त्यांना काही आज्ञा देता येत नाही. आता त्याच फोटोतली पाटी मोठी करून बघा. 5-30 A, 240 V यांच्या आसपास IS ने सुरू होणारा एक क्रमांक असतो. IS 13779 एवढंच असेल तर साधा इलेक्ट्रॉनिक मीटर. IS 16444 असेल तर स्मार्ट, म्हणजे दोन्हीकडून संदेश देणारा-घेणारा आणि वीज तोडण्या-जोडण्याचा स्विच पोटात असलेला. टीओडी नावाने बसणाऱ्या मीटरलाही हीच कसोटी लावावी.

सीलवरून प्रकार सांगणाऱ्यांना मी अजिबात मानत नाही. तारेत दाबलेलं शिशाचं सील जुन्या मीटरवर असायचं आणि क्रमांकाचं प्लास्टिक सील आता असतं, हे खरं. पण जुन्याच मीटरची पेटी तपासणीसाठी उघडली की तिला नवं सील बसतं. शिवाय मीटरच्या अंगाचं सील कंपनीचं, तारांच्या झाकणाचं आणि पेटीचं सील वीज कंपनीचं, असे वेगवेगळे थर असतात. मीटर कधी, कोणी उघडला याचा माग सील देतं. त्याचा क्रमांक मीटर बदलताना लिहून घ्यायचा तो यासाठी.

कोणी म्हणेल, फोटोत पाटी वाचताच येत नाही. अडचण खरी आहे. आपल्याकडच्या उन्हात पेटीचं झाकण पिवळं, धुरकट होतं आणि फ्लॅश नेमका पाटीवर चमकतो. म्हणून फ्लॅश बंद ठेवून, जरा तिरकं उभं राहून दोन फोटो काढावेत, एक पूर्ण पेटीचा आणि एक फक्त पाटीचा. सील किंवा झाकण यांना मात्र हात लावू नये. सील तुटलं तर फेरफाराचा संशय ग्राहकावरच येतो. स्क्रीनवरची पानं आपोआप बदलत राहतात, त्यामुळे रीडिंग म्हणून जो आकडा पाठवायचा, त्याच्याजवळ kWh दिसतंय ना, हे पाहूनच फोटो घ्यावा. नाहीतर व्होल्टेजचा किंवा तारखेचा आकडा युनिट म्हणून जातो.

दुसरा आक्षेप असा की हे जनमित्राला माहीत असतं, आपल्याला कशाला? १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. ती बिलात दिसत नसेल तर तक्रार करण्याआधी आपला मीटर कोणता, हे आपल्यालाच सांगता यायला हवं. चकतीचा किंवा साधा इलेक्ट्रॉनिक मीटर असेल तर वेळेप्रमाणे वेगळे केलेले युनिट बिलात येणारच नाहीत आणि ती तक्रार फिरून परत येईल. पाटीवर 16444 असूनही सवलत नसेल, तर मात्र पाटीचा तोच फोटो आणि बिलावरचा मीटर क्रमांक जुळवून अर्जाला जोडावा.