मतापुरता नागरिक की ठरवणारा नागरिक?

राज्यशास्त्राच्या वर्गात किमानवादी आणि सहभागी लोकशाहीची तुलना शिकवताना फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली जाते. डावीकडे शुम्पीटर, उजवीकडे पेटमन. डावीकडे निवडणूक, उजवीकडे निवडणुकीसह आणखी बरेच काही. मग विद्यार्थ्यांची समजूत होते की पहिला सिद्धान्त थोडी लोकशाही मागतो आणि दुसरा जास्त. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे चालून जाते, पण वादाचे मूळ त्यात हरवते. हा वाद सामान्य माणसाच्या कुवतीबद्दल आहे. सार्वजनिक प्रश्नावर विचार करून निर्णय घेण्याची क्षमता त्याच्यात मुळातच कमी असते, की ती वापरायची संधीच न मिळाल्यामुळे कमी राहते? शुम्पीटर आणि पेटमन यांची उत्तरे इथे फुटतात आणि पुढचे सगळे मतभेद इथूनच निघतात.

जोसेफ शुम्पीटर मूळचे ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ. 1919 मध्ये ते काही महिने ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री होते आणि पुढे हार्वर्डला शिकवत होते. ‘भांडवलशाही, समाजवाद आणि लोकशाही’ हे त्यांचे पुस्तक 1942 साली आले, म्हणजे युरोपातल्या जमावांनी हुकूमशहांचा जयजयकार केलेला त्यांच्या पिढीने पाहिला होता. जनतेची एक सामाईक इच्छा असते आणि प्रतिनिधी ती अमलात आणतात, ही जुनी कल्पना त्यांनी साफ नाकारली. त्यांचे निरीक्षण असे की स्वतःच्या घराचा आणि धंद्याचा हिशेब नेमका करणारा माणूस राजकारणाकडे वळला की ढिसाळ विचार करतो, कारण तिथे त्याच्या एका मताने काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. म्हणून त्यांनी लोकशाहीची व्याख्या आखडून घेतली. नेत्यांनी मतांसाठी एकमेकांशी स्पर्धा करायची आणि जिंकणाऱ्याने राज्य करायचे, अशी ती एक कार्यपद्धती आहे. मतदाराने मत द्यावे आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत निवडून दिलेल्यांना काम करू द्यावे. प्रतिनिधींवर पत्रांचा आणि तारांचा भडिमार करणेसुद्धा त्यांना पसंत नव्हते.

ही भूमिका ऐकताना उद्दाम वाटते, पण तिला सहजासहजी निकालात काढता येत नाही. पोलंडमध्ये वाढलेले राज्यशास्त्रज्ञ ॲडम शेवोर्स्की यांनी 1999 साली तिचा जो बचाव मांडला, तो मला शुम्पीटरच्या मूळ मांडणीपेक्षा बळकट वाटतो. ते मतदाराच्या शहाणपणावर काहीच उभे करत नाहीत. त्यांचा मुद्दा एवढाच की आज हरलेल्या पक्षाला उद्या जिंकण्याची खरी आशा असेल, तर तो शस्त्र उचलण्याऐवजी वाट पाहतो. निवडणुकीतून चांगले राज्यकर्ते मिळोत न मिळोत, रक्त न सांडता सत्ता बदलते, आणि जगाच्या इतिहासात ही गोष्ट दुर्मिळ आहे. त्यामुळे किमानवादाची कसोटी साधी आहे: सत्ताधारी हरू शकतो का आणि हरल्यावर खुर्ची सोडतो का?

आपल्याकडे ही कसोटी 1977 च्या मार्चमध्ये लागली. आणीबाणी लादणाऱ्या पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत स्वतः हरल्या, पक्ष हरला आणि त्यांनी राजीनामा दिला. 1980 मध्ये त्याच निवडणुकीच्या मार्गाने त्या परत आल्या. शेवोर्स्कींना याहून नेटके उदाहरण शोधूनही मिळाले नसते. पण हेच उदाहरण उलट बाजूने पाहावे. आणीबाणीच्या 21 महिन्यांत ज्यांना शस्त्रक्रियेसाठी शिबिरात ओढून नेले, त्यांच्या हातात काय होते? 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी दबावाखाली झाल्या. मतपत्रिकेने त्याची शिक्षा दिली खरी, पण ती घडून गेलेल्या गोष्टीची शिक्षा होती. शिवाय लोकसभेची मुदत दोनदा वाढवलेली होती आणि निवडणूक कधी घ्यायची हेही सरकारनेच ठरवले. ज्याला शिक्षा करायची, तोच सुनावणीची तारीख ठरवतो, ही अडचण किमानवादाला आपल्या चौकटीत राहून सोडवता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र न्यायालय, वृत्तपत्रे, संघटनेचे स्वातंत्र्य हे सगळे मागच्या दाराने आत घ्यावे लागते, आणि मग व्याख्या किमान उरत नाही.

कॅरोल पेटमन यांचे ‘सहभाग आणि लोकशाही सिद्धान्त’ हे पुस्तक 1970 चे. शुम्पीटरनी मतदाराबद्दल नोंदवलेली बरीच निरीक्षणे त्या नाकारत नाहीत, आणि त्यांच्या युक्तिवादाची ताकद त्यातच आहे. लोक उदासीन आहेत, त्यांना माहिती कमी आहे, गरीब आणि कमी शिकलेले अधिकच दूर राहतात, हे सगळे त्या मान्य करतात. त्यांचा प्रश्न कारणाचा आहे. जो माणूस घरात, शाळेत आणि कारखान्यात आयुष्यभर फक्त हुकूम पाळत आला, त्याला राजकारणात आपल्या बोलण्याला वजन आहे असे का वाटावे? रूसो, मिल आणि जी. डी. एच. कोल यांच्या आधारे त्या म्हणतात की सहभागाची क्षमता सहभागातूनच येते, आणि तिची शाळा म्हणजे रोजचे काम. म्हणून त्यांनी युगोस्लाव्हियातल्या कामगार परिषदांचा अभ्यास केला. तिथे त्यांना प्रोत्साहन देणाऱ्या गोष्टी दिसल्या आणि मर्यादाही दिसल्या. एकपक्षीय राज्यातला तो प्रयोग असल्याने त्यावरून ठाम निष्कर्ष काढणे अवघडच होते.

पेटमनच्या दाव्याची परीक्षा पाहायला आपल्याला युगोस्लाव्हियात जायची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड आदिवासी गाव आहे. लेखा ग्रामपंचायतीत ते येत असे म्हणून मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे ते माहीत असते, पण घोषणेपेक्षा त्यामागची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिथे दोन वेगळ्या बैठका असतात. अभ्यासगटात कायदा, जंगल, आकडे यांची चर्चा होते. तिथे बाहेरचा जाणकारही येऊ शकतो, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तो गावकरीच घेतात आणि सर्वसहमतीने घेतात. एखाद्याचा विरोध उरला तर विषय पुढे ढकलतात. माहिती मिळवण्याची जागा आणि ठरवण्याची जागा अशी वेगळी केल्याने शिकलेल्या माणसाचे वर्चस्व आपोआप आवरले जाते. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ या रीतीमागे होती.

वनहक्क कायदा संसदेने 2006 साली केला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांतले ते एक. पण गावाने बांबू विकायचे ठरवले तेव्हा वन विभागाने वाहतूक परवाना द्यायला नकार दिला. 1927 च्या भारतीय वन कायद्यात तेव्हा बांबू झाड म्हणून धरला जात होता, तर नव्या कायद्यात तो गौण वनोपजात मोडतो. बांबू आपला, तोडला तर चालेल, पण गाडीत भरून रस्त्यावर आणला की गुन्हा, अशी गत झाली. अभ्यासगटात कायदा वाचलेल्या या गावकऱ्यांना नेमके कुठल्या व्याख्येवर बोट ठेवायचे हे माहीत होते. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली झाले. तेव्हापासून शिक्का ग्रामसभेचा.

शुम्पीटरच्या मतदाराशी या गावकऱ्याची तुलना करून पाहावी. बांबू किती तोडायचा, किती राखायचा, दर काय घ्यायचा हे ठरवणारा माणूस ढिसाळ विचार करू शकत नाही, कारण चुकीची किंमत त्याच्याच घरात मोजली जाते. म्हणजे शुम्पीटरनी ज्याला माणसाची प्रकृती मानले, ते बऱ्याच अंशी त्याच्या हातात काय दिले यावर अवलंबून आहे. या मुद्द्यावर पेटमन बरोबर आहेत असे माझे मत आहे.

पण मेंढ्याची गोष्ट सहभागवाद्यांनी पूर्ण सांगायला हवी. वनहक्क कायदा संसदेत झाला. त्यामागे देशभरातल्या आदिवासी संघटनांचा दबाव होता आणि मतांचे गणित असलेली आघाडी सत्तेवर होती. परवान्याचा पेच सोडवायला मंत्री आला, तोही निवडणुकीतून आलेल्या सरकारचा. गावाने घडवलेली क्षमता आणि सत्तेला वाटणारी मताची भीती या दोन्ही गोष्टी नसत्या तर बांबू जंगलातच राहिला असता. निवडणुकीला नुसते टरफल म्हणणारा सहभागवाद ही अर्धी बाजू विसरतो.

दुसरी अडचण सहमतीतच आहे. जेन मॅन्सब्रिज यांनी अमेरिकेतल्या व्हर्मांटमधल्या एका लहान गावाच्या नगरसभांचा अभ्यास करून 1980 साली पुस्तक लिहिले. सगळ्यांना बोलता येणाऱ्या त्या सभेत गरीब आणि नव्याने राहायला आलेले लोक कमी येत आणि कमी बोलत. सगळे एकमेकांना ओळखत असल्याने चारचौघांत वाईटपणा घेण्याची भीती होती. गुप्त मतदानात मालकाविरुद्ध शिक्का मारता येतो. चावडीवर मालकासमोर हात वर करता येत नाही. जिथे हितसंबंध जवळपास सारखे आहेत, तिथे समोरासमोरची सहमती चालते. जिथे ते टक्कर घेतात, तिथे गुप्त मतदान अधिक न्याय्य ठरते, हे त्यांचे म्हणणे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. मेंढ्यात घरे थोडी, समाज बहुतांशी एक आणि जंगल सामाईक. एका बाजूला मोठा बागायतदार आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच शेतावर राबणारे मजूर अशा गावात तीच रीत लावली, तर ‘सर्वसहमती’ कोणाची असेल हे सांगायला नको.

म्हणून महाराष्ट्रातल्या साध्या ग्रामसभेकडे पाहू. कायद्याने गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे अनेक गावांत खरी सभा होते ती तहकूब सभाच. सरपंच, ग्रामसेवक आणि मोजकी माणसे बसतात, विषय वाचले जातात, ठराव मंजूर होतात आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. शुम्पीटर म्हणतील, पाहा, लोकांना यात रस नाही. पेटमन म्हणतील, त्या सभेत ठरवण्यासारखे काही ठेवलेच नाही. योजना वरून आली, लाभार्थ्यांची यादीही आधीच झाली, मग रोजगार बुडवून कोण येईल?

यातले कोण बरोबर, हे तपासता येते. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपानाची विक्री स्वतः करतात. लिलाव, ठेकेदाराशी करार, मजुरी आणि बोनसचे वाटप हे सगळे ग्रामसभेत ठरते. अशा एखाद्या गावाची इतिवृत्ताची वही घ्यावी आणि तेंदूचा विषय असलेल्या सभांची उपस्थिती त्याच गावातल्या घरकुलाच्या यादीपुरत्या सभांशी ताडून पाहावी. माणसे तीच, शिक्षण तेच, कायदा तोच. उपस्थितीत मोठा फरक निघाला, तर उदासीनता माणसात नसून विषयपत्रिकेत आहे असे मानावे लागेल. फरक निघाला नाही, तर शुम्पीटरचे पारडे जड होईल. मात्र नुसत्या सह्या मोजून भागणार नाही. बोलणाऱ्यांत बायका किती, भूमिहीन किती आणि कोणाच्या हरकतीमुळे एखादा ठराव खरोखर बदलला का, हेही त्या वहीत शोधावे लागेल, आणि ते लिहिलेलेच नसेल तर तीही नोंद घ्यावी लागेल.