विश्लेषण : दर, अडत की वर्गणी? सोयाबीन प्रतवारी यंत्राच्या प्रकल्प अहवालात कमाईचे गणित कसे मांडावे?

परभणी जिल्ह्यात सोयाबीन चाळून त्याची प्रतवारी करून देण्याचा व्यवसाय अनेक शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि गावातल्या तरुणांना खुणावतो. त्यांच्या प्रकल्प अहवालात यंत्राची किंमत, शेडचे माप आणि वीजजोडणी तपशिलाने लिहिलेली असते. पैसे नेमके कोणाकडून, कधी आणि कशाबद्दल घ्यायचे, हे मात्र बऱ्याचदा एका ओळीत उरकले जाते : ‘सेवाशुल्क, कमिशन व सभासद वर्गणीतून उत्पन्न मिळेल.’ माझ्या मते ही ओळ म्हणजे निवडच न केल्याची कबुली आहे. तिन्ही पर्यायांत धोका वेगळा असतो आणि तो वेगळ्या माणसाच्या गळ्यात पडतो.

तीन पर्यायांत फरक काय?

पहिला पर्याय म्हणजे क्विंटलमागे ठरलेला दर. माल चाळला, पैसे घेतले, व्यवहार संपला. पुढे तो माल कोणत्या भावाने गेला याच्याशी यंत्रवाल्याचा संबंध नाही. दुसरा पर्याय अडतीचा. माल चाळायचा, विकून द्यायचा आणि विक्रीच्या रकमेतून टक्केवारी घ्यायची. मोंढ्यातली अडत याच तत्त्वावर चालते. तिसरा पर्याय वर्षाच्या वर्गणीचा. शेतकऱ्याने सभासद व्हायचे आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत माल चाळून घ्यायचा.

दरात कमाई मालाच्या आवकेवर अवलंबून राहते. अडतीत ती आवक आणि भाव या दोन्हींवर, तर वर्गणीत सभासदांच्या संख्येवर. यंत्राचा खर्च मात्र मुख्यतः बँकेचा हप्ता, भाडे आणि पगार यांचा असतो. पाऊस कसाही पडो, तो द्यावाच लागतो.

आकड्यांत हे कसे दिसते?

समजा, हप्ता, भाडे आणि यंत्रचालकाचा पगार मिळून वर्षाचा स्थिर खर्च ४ लाख रुपये आहे. हमाली, वीज आणि बारदाना सांभाळण्याचा खर्च क्विंटलला ३० रुपये. दर ८० रुपये ठेवला, तर क्विंटलमागे ५० रुपये उरतात. म्हणजे ना नफा ना तोटा या रेषेवर यायला ८ हजार क्विंटल माल लागेल.

हा आकडा कागदावर सोपा वाटतो. आता तो दिवसांत मोडून पाहा. यंत्राची क्षमता ताशी २० क्विंटल लिहिलेली असली, तरी लहान लहान लॉट, प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा ठेवणे, मधली सफाई आणि वीज जाणे धरून दिवसाला १०० क्विंटल झाले तरी चांगले. म्हणजे ८० दिवस पूर्ण काम हवे. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये येते आणि बरेच शेतकरी दिवाळीच्या आसपास गरजेपुरते विकून टाकतात. त्यामुळे उरलेले दिवस तूर आणि हरभऱ्याने भरावे लागतील. एका शेतकऱ्याकडून सरासरी २५ क्विंटल माल आला, तर सुमारे ३२० शेतकरी लागतात. अहवालात ‘परिसरात हजारो एकर सोयाबीन आहे’ असे लिहिण्यापेक्षा हे ३२० शेतकरी कोणत्या गावांतले, ते लिहावे.

शेतकरी ८० रुपये का देईल?

इथेच बहुतेक अहवाल गप्प होतात. समजा, न चाळलेल्या सोयाबीनला मोंढ्यात ४,००० रुपये भाव आहे आणि चाळलेल्याला ४,२०० मिळतो. वरवर पाहता २०० रुपयांचा फायदा. पण चाळताना काडीकचरा, माती आणि फुटका दाणा मिळून क्विंटलमागे ३ किलो माल गळतो. उरलेल्या ९७ किलोचे ४,२०० च्या भावाने ४,०७४ रुपये होतात. फायदा फक्त ७४ रुपये आणि यंत्राचा दर ८०. असा शेतकरी एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही.

व्यापारी आधीच मातेऱ्याची तूट वजनात कापत असेल, तर चित्र बदलते. तीच ३ किलोची कपात काट्यावर होत असल्यास न चाळलेल्या मालाचे हातात ३,८८० रुपयेच येतात आणि फायदा १९४ रुपयांवर जातो. त्या स्थितीत ८० रुपये दर रास्त ठरतो. म्हणजे ‘दर’ हा पर्याय योग्य की अयोग्य, हे मोंढ्यातल्या कपातीच्या पद्धतीवर ठरते. ते शोधायला सर्वेक्षण संस्था लागत नाही. शेतकऱ्यांकडच्या गेल्या हंगामातल्या वीस-पंचवीस पट्ट्या मागवाव्यात आणि त्यांत वजन, कपात व भाव ताडून पाहावेत. हा तक्ता अहवालाला जोडला, तर बँकेच्या अधिकाऱ्यालाही दर कुठून आला ते कळते.

हमीभावाने गणित बदलते का?

बदलते, पण अटींसह. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. खरेदी केंद्रावर मालाची प्रत तपासली जाते. काडीकचरा आणि माती २ टक्क्यांच्या आत, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, असे सर्वसाधारण निकष आहेत. मातेऱ्यामुळे परत जाणारा माल चाळून केंद्रावर लागला, तर ८० रुपयांची कुरकूर कोणी करणार नाही.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. चाळणी कचरा काढते, ओलावा काढत नाही. पावसात भिजलेले सोयाबीन ओलाव्यामुळे परत येत असेल, तर यंत्राचा उपयोग नाही. तिथे वाळवणीची सोय हवी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, पण अशा सवलतीवर व्यवसायाचे गणित उभे करता येत नाही. दुसरे असे, की हमीभावाने विकायला नोंदणी लागते आणि हेक्टरी मर्यादा असते. त्यामुळे सगळा माल तिकडे जाईल असे धरू नये.

मग अडत का घेऊ नये?

टक्केवारी आकर्षक दिसते. ५,३२८ रुपयांवर २ टक्के म्हणजे सुमारे १०७ रुपये, दरापेक्षा जास्त. पण अडत घ्यायची तर विक्रीचा पैसा आपल्या हातून जायला हवा. हमीभावाची रक्कम थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते. मग २ टक्के वसूल कोण आणि कसे करणार?

खुल्या बाजारात ४,२०० रुपयांवर २ टक्के म्हणजे ८४ रुपये. समजा, ९ हजार क्विंटल माल चाळला, पण त्यातला अर्धाच आपल्यामार्फत विकला गेला. उरलेला अर्धा चाळून घेऊन शेतकऱ्याने ओळखीच्या व्यापाऱ्याला दिला. विकलेल्या ४,५०० क्विंटलवर खर्च जाता ५४ रुपयांप्रमाणे २ लाख ४३ हजार मिळतील. पण न विकलेल्या ४,५०० क्विंटलवर चाळणीचा खर्च १ लाख ३५ हजार होईल. हातात उरतात १ लाख ८ हजार आणि स्थिर खर्च आहे ४ लाख.

मोंढ्यातला अडत्या टिकतो तो केवळ टक्केवारीवर नाही. तो शेतकऱ्याला हंगामाआधी उचल देतो, माल विकला की पैसे देतो आणि व्यापाऱ्याकडून वसुलीला उशीर झाला तर कळ सोसतो. त्याच्या अडतीत या भांडवलाची किंमतही धरलेली असते. शिवाय बाजार समितीचा परवाना लागतो. म्हणून ज्या अहवालात अडतीचे उत्पन्न लिहिले आहे, त्यात खेळते भांडवल आणि परवाना हेही लिहिलेले असले पाहिजे. नसेल, तर तो आकडा कापून वाचावा.

वर्गणीचे काय?

वर्गणीचा मोठा गुण म्हणजे पैसा आधी येतो. पण आधी म्हणजे जूनमध्ये, आणि तेव्हा शेतकरी बियाणे-खतासाठी पैसे जमवत असतो. दुसरी अडचण मापाची. १,५०० रुपयांत हवा तेवढा माल चाळून देतो म्हटले, की १०० क्विंटलवाला सर्वात आधी सभासद होतो. त्याच्यामागे ३,००० रुपयांचा नुसता चालू खर्च होतो. दहा क्विंटलवाला मात्र लांबच राहतो. म्हणून क्विंटलची मर्यादा घातल्याशिवाय वर्गणी लिहूच नये. आणि मर्यादा घातली, की ती क्विंटलच्या दराचेच दुसरे रूप होते.

महाराष्ट्रात याचा एक बोलका दाखला आहे. २००७ मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही बाजारभाव आणि हवामानाची माहिती एसएमएसने देणारी वर्गणी सेवा राज्यात सुरू झाली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत तिचा अभ्यास केला. काही शेतकऱ्यांना वर्षभर सेवा मोफत दिली आणि त्यांची इतरांशी तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरासरी भावात ठोस फरक आढळला नाही. यातून घ्यायचा धडा माझ्या मते असा : वर्षभराचे पैसे मागायचे, तर फायदाही पट्टीवर दिसला पाहिजे. वर्षातून दोन-चारदा माल विकणाऱ्याला रोजच्या सेवेची किंमत पटवणे कठीण असते.

अहवालात शेवटी काय लिहावे?

या उदाहरणात माझे मत क्विंटलच्या दराच्या बाजूने आहे. यंत्राचा चालू खर्च क्विंटलवर वाढतो, शेतकऱ्याचा फायदाही क्विंटलवर मोजता येतो आणि पैसे माल उचलतानाच मिळतात. एक मुख्य पर्याय निवडावा आणि उरलेले दोन का नाकारले, ते दोन-दोन ओळींत सांगावे.

त्यासोबत वाईट वर्षाचा हिशेब हवाच. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणीत झालेली अतिवृष्टी कोणी विसरलेले नाही. चांगल्या वर्षी ९ हजार क्विंटल धरले आणि आवक ४० टक्क्यांनी घटली, तर ५,४०० क्विंटलवर २ लाख ७० हजार उरतात. म्हणजे १ लाख ३० हजारांची तूट. चांगल्या वर्षाची शिल्लक फक्त ५० हजार आहे, ती ही तूट भरून काढत नाही. मग एकतर स्थिर खर्च कमी करावा लागेल, नाहीतर हरभरा-तुरीचे काम आधी पक्के करावे लागेल. हप्ता सुरू होण्याआधी ही तूट कागदावर दिसणे, हाच अहवालाचा खरा उपयोग आहे.