बर्फातला मटार आणि ताजेपणाची अफवा



मागच्या बैठकीत जेवणात मटार-बटाट्याची रस्सा भाजी होती. महिना जूनचा. पहिला घास घेतला आणि आपल्याच एका कार्यकर्त्याने ताट बाजूला सारलं. "हा बर्फातला मटार. शिळा आणि औषध मारलेला. आपण शेतकरी, आपण ताजं खावं." चार जणांनी माना डोलावल्या. मी कृषी पदवीधर, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथे पंगत मोडायची नव्हती, म्हणून गप्प बसलो. आता इथे बोलतो. तो कार्यकर्ता चुकत होता.

आधी 'ताजं' म्हणजे काय ते पाहू. मटाराची शेंग तोडली तरी दाणा जिवंतच असतो. तो श्वास घेतो, स्वतःमधली साखर जाळतो आणि उरलेली साखर पिठात बदलतो. उन्हात हे काम झपाट्याने होतं. तुम्हाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. गुळभेंडीचं कणीस सकाळी भाजून खाल्लं तर हुरडा गोड लागतो. तेच कणीस तोडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजलं तर पिठूळ लागतं. मटाराचं तेच, तुरीच्या सोल्यांचंही तेच. साखरेबरोबर क जीवनसत्त्वही उतरत जातं, आणि पालेभाजीत तर त्याहून लवकर.

आता जानेवारीत आपल्या बाजारात येणारा मटार बघा. तो बराचसा जबलपूरकडून येतो. तोडणी, पोती भरणं, ट्रक, अडत्याचा गाळा, किरकोळ विक्रेता, मग तालुक्याची हातगाडी, असा त्याचा प्रवास. आपल्या टोपलीत पडेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात, आणि पोत्याच्या मधल्या शेंगा हात घातला तर गरम लागतात. याला आपण ताजं म्हणतो. हिरवा दिसतो एवढंच त्याचं ताजेपण.

कारखान्यात काय होतं? कोवळा मटार सोलून जवळजवळ उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट बुडवतात आणि लगेच थंड पाण्यात टाकतात. दाण्यातली विकरं, म्हणजे रंग, वास आणि चव बिघडवणारी यंत्रणा, या उष्णतेने बंद पडते. ती बंद पडली की नाही हे तपासायला थोडे दाणे चुरडून त्यावर ग्वायकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. लालसर तपकिरी रंग आला तर विकर अजून जिवंत आहे. नंतर शून्याखाली तीस-चाळीस अंशांच्या वाऱ्यात दाणा मिनिटांत गोठतो. लवकर गोठल्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात, पेशी फाटत नाहीत. पुढे उणे १८ अंशांवर साठवण. टिकवायचं औषध इथे लागतच नाही, कारण थंडीच ते काम करते. म्हणून 'औषध मारलेला' हा आरोप निराधार आहे.

नुकसान होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. उकळत्या पाण्यात क जीवनसत्त्वाचा बराच भाग आणि काही ब जीवनसत्त्वं विरघळून जातात. प्रथिनं, तंतू आणि लोह यांना फारसा धक्का बसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथे आठ भाज्या-फळांची तुलना झाली आणि २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. क जीवनसत्त्व पाच मालांत ताजं-गोठवलेलं सारखंच निघालं, तिनांत गोठवलेल्यात जास्त. पण मटारात आणि गाजरात बीटा-कॅरोटीन गोठवलेल्यात कमी निघालं. शिवाय तिथला ताजा माल फ्रिजमध्ये ठेवलेला होता, आपला पोत्यात असतो. म्हणजे झाडावरून तोडून त्याच दिवशी शिजवलेल्या मटाराला तोड नाही. पण तीन दिवस पोत्यात तापलेल्या मटारापुढे गोठवलेला हरत नाही.

आता पैशाचा हिशोब, कारण तो आपल्याला लवकर पटतो. एक किलो चांगल्या शेंगांतून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात, बाकी टरफल. समजा पाकिटातला मटार १४० रुपये किलो आहे. जानेवारीत शेंगा ३० रुपये असतील तर दाण्यांचा खरा भाव ६७ रुपये पडला. शेंगाच घ्या, डोळे झाकून. जूनमध्ये शेंगा १२० रुपये झाल्या तर दाणा २६७ रुपयांना पडतो, आणि त्या शेंगाही बहुधा जून झालेल्या. तेव्हा पाकीट स्वस्त. दोन्हींची बरोबरी ६३ रुपयांना होते. म्हणजे पाकिटाच्या भावाला ०.४५ ने गुणा; शेंग त्याहून महाग असेल तर पाकीट परवडतं. सोलायला बसणाऱ्या बाईचा वेळ यात धरलेलाच नाही. आपल्या घरात तो कधीच धरत नाहीत.

पण हा हिशोब वीज असेल तिथेच खरा. गावातल्या दुकानदाराचा डबा आइस्क्रीमचा असतो आणि बिल वाचवायला रात्री बंद होतो. एकदा विरघळून पुन्हा गोठलेला मटार ओळखायला सोपा आहे: पाकीट हलवलं तर दाणे खुळखुळत नाहीत, एकच ढेकूळ लागतं, आत बर्फाचा भुगा दिसतो. ते घेऊ नका. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुतेकदा उणे १८ पर्यंत जातच नाही, आणि आठ-आठ तास भारनियमन असेल तर त्यात महिनाभर मटार ठेवणं म्हणजे फसवणूक, तीही स्वतःची. अशा घरी पाकीट आणलं की दोन-तीन दिवसांत संपवावं. सुटा 'ताजा मटार' म्हणून जो भडक हिरवा दाणा विकतात, तो पुष्कळदा भिजवलेला वाळका वाटाणा असतो. पांढऱ्या वाटीत साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर तो रंगवलेला आहे.

आता आपल्या पिकाकडे. कपाशीतल्या तुरीचे हिरवे दाणे गोठवून परदेशातल्या भारतीय दुकानांत विकले जातात. गुजरातेत त्यांना लिलवा म्हणतात. हे ऐकून काही वर्षांपूर्वी आम्ही एका बचत गटाबरोबर दहा किलो सोले घरच्या फ्रीझरमध्ये भरले. उकळत्या पाण्याची पायरी मीच गाळली, वेळ नव्हता म्हणून. दोन महिन्यांत दाणे पिवळट पडले आणि त्यांना वाळक्या गवताचा वास यायला लागला. पदवी माझ्याकडे होती, नुकसान बायांचं झालं.

पुढच्या वर्षी नीट केलं. किलोभर दाण्यांना आठ लिटर उकळतं पाणी, म्हणजे दाणे टाकल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी येते. तिथून दोन मिनिटं मोजायची. तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. कापडावर कोरडे करून ताटात एकच थर गोठवायचा आणि मग पिशवीत भरायचे. सहा महिन्यांनी दाणे हिरवेच होते. पण विकायला निघालो तर शहरापर्यंत थंड गाडी नव्हती, आणि थंड गाडीवाला दहा किलोसाठी येत नाही. म्हणून प्रकल्प विकणारा कोणी गावात आला तर त्याला पहिला प्रश्न गाडीचा विचारा, दुसरा विजेचा. यंत्राच्या अनुदानाचं नंतर बघू.

आणि त्या कार्यकर्त्याला सांगा, उन्हाळ्यात त्याच्या घरी वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी होते. तीही ताजी नसते. तो दोनदा मागून खातो.