परदेशातल्या परिषदेला ‘नाही’ कळवताना

युरोपातल्या परिषदेत भाषणासाठी निवड झाली; प्रवेश मोफत, पण प्रवासखर्च स्वतःचा. अशा वेळी आधी कॅलेंडर पाहा. समजा, निवडीचा ईमेल परिषदेच्या सहा आठवडे आधी आला आणि व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली. शेंगेन व्हिसाच्या निर्णयाची नियमित मुदत १५ दिवस; छाननी वाढली तर ४५. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी हातात जेमतेम सहा दिवस उरतात आणि तोवर विमानाचे तिकीट महागलेले असते. ९० युरो शुल्क, म्हणजे साधारण नऊ-दहा हजार रुपये, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळेच.

हे गणित जमत नसेल तर नकार कळवण्यात कमीपणा कसला? फक्त तो लगेच कळवावा. शेवटच्या आठवड्यात माघार घेतली तर प्रतीक्षा यादीतल्या वक्त्यालाही तयारीला वेळ मिळत नाही. आणि ‘वैयक्तिक अडचण’ असे मोघम न लिहिता व्हिसा आणि खर्च हेच कारण लिहावे. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, पण निवडच उशिरा जाहीर झाली तर त्या सवलतीचा उपयोग नाही, हे आयोजकांना त्याशिवाय कळणार कसे?