पाक-नापाकाच्या आधी घड्याळ पाहा

घरात कुत्रा आणावा की मांजर, हा प्रश्न आपल्यात निघाला की चर्चा दोन मिनिटांत संपते. कुत्र्याची लाळ नापाक, मांजर पाक, म्हणून मांजर आणा. हनफी आणि शाफई मत मला माहीत आहे, मालिकी मत वेगळे आहे हेही माहीत आहे. माझा वाद त्याच्याशी नाही. माझा वाद असा की या चर्चेत कोणीही विचारत नाही, घराला कुलूप किती तास असते?

माझ्या नणंदेचे घर डोंबिवलीत, वन बीएचके. नवरा-बायको साडेसातला मुंबईची लोकल पकडतात, मुलगा शाळा आणि क्लास करून साडेसहाला येतो. मुलाच्या हट्टापायी त्यांनी दोन महिन्यांचे लॅब्रॅडोरचे पिल्लू विकत आणले. त्या वयाचे पिल्लू फार तर दोन-तीन तास लघवी धरू शकते. घर अकरा तास बंद. मग गादी ओली, चप्पल फाटलेली, आणि रोज संध्याकाळी त्या जिवाला मार. शेजाऱ्यांनी भुंकण्याची तक्रार केली तेव्हा मी जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवायला सांगितले. दार बंद होताच भुंकणे सुरू झाले, नंतर दार खरवडणे, मग नुसते कण्हणे. ही मस्ती नव्हती, भीती होती. दाराच्या खालच्या कडेवर नखांचे ओरखडे आणि उंबऱ्याशी लाळ दिसली तर तेच समजावे. तीन आठवड्यांत पिल्लू परत गेले आणि सगळे म्हणाले, कुत्राच वाईट निघाला!

कुत्रा ठेवायचाच असेल तर वयात आलेला, शांत स्वभावाचा घ्या. तरी सहा ते आठ तासांच्या पुढे त्याला कोंडू नका. दुपारी खाली नेऊन आणणारा पगारी माणूस आधी ठरवा, कुत्रा नंतर आणा. सोसायटी आडवी आली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या सूचना दाखवा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण सोसायटीशी भांडण जिंकल्याने कुत्र्याचे अकरा तास कमी होत नाहीत.

आता मांजरवाल्यांकडे वळते, कारण आपण स्वतःला फार सुरक्षित समजतो. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत त्या बाईची हदीस आहे, जिला मांजरीमुळे अजाब झाला. लहानपणी आपण एवढेच शिकलो की तिने मांजरीला उपाशी ठेवले. हदीसचा दुसरा अर्धा भाग विसरतो: तिने मांजरीला सोडलेही नाही, की जमिनीवरचे किडे-मुंग्या तरी ती खाईल. म्हणजे गुन्हा दोन पदरी होता, आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुसरा पदर आपण पहिल्याच दिवशी पुरा करतो. दार बंद केले की तिचे खाणे, पाणी, खेळ, सोबत सगळे आपल्या गळ्यात.

तरीही आमच्यासारख्या घराला मांजरच जमते. ती दिवसाचा मोठा भाग झोपते आणि पहाटे व सांजेला जागी होते. फजरला उठणाऱ्या आणि मगरिबनंतर परतणाऱ्या घराचे वेळापत्रक तिच्याशी जुळते. पण एकटे पिल्लू नको. ते दिवसभर कंटाळते आणि रात्री तुमच्या पायांना चावते. आम्ही कल्याणला इमारतीखाली एकत्र वाढलेली दीड वर्षांची दोन मांजरे घेतली, नूरी आणि शेरा. लस आणि नसबंदी करून आणली. पहिला आठवडा एकाच खोलीत ठेवली, मग घर मोकळे केले. (पर्शियनचा मोह आम्हालाही झाला होता. ते केस आणि आपला मे महिना, विचार करा.)

आणण्याआधी खिडकीला तारेची जाळी बसवली. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडते, आणि मांजर पडत नाही हा गैरसमज आहे. वरच्या मजल्यांवरून मांजरे पडतात आणि मरतातही. ट्रे दोन मांजरांना तीन हवेत. आमच्याकडे दोनच मावतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ साफ करतो.

ही सफाई केवळ वासासाठी नाही. दिवसभर घरात नसणाऱ्याला मांजराची तब्येत तिथेच कळते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेराच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे नव्हते. तो पुन्हा पुन्हा जाऊन बसत होता, म्यांव करत होता, निघत काही नव्हते. घरातले म्हणाले, बद्धकोष्ठ असेल, उद्या बघू. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आम्ही त्याच रात्री रिक्षा केली. नळी घालावी लागली, तीन दिवस दवाखान्यात राहिला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत सुट्टीचा अर्ज दिला, कारण लिहिले तेव्हा स्टाफरूममध्ये हसू झाले. त्या हसणाऱ्यांपैकी दोघींच्या घरी आता मांजर आणायचे चालले आहे. मी त्यांना जातीबद्दल काही विचारले नाही. सकाळी ट्रे कोण उपसणार, एवढेच विचारले, आणि अजून उत्तर आलेले नाही.