'शरायत'चा कोरा रकाना

गेल्या महिन्यात भाचीच्या निकाहाआधी मी निकाहनामा मागून घेऊन वाचला. मेहेर, वकील, साक्षीदार, सगळे भरले होते. 'शरायत' या रकान्यात मात्र आडवी रेघ. "तिथं काही लिहायचं नसतं, अपशकुन होतो," मोठे मामू म्हणाले. मेहेराच्या रकमेवरून तासभर घासाघीस झाली, तेव्हा यांना अपशकुन आठवला नव्हता!

निकाह हा करार आहे, हे आपण हिंदू मित्रांना अभिमानाने सांगतो. मग कराराच्या अटी लिहायला लाज कसली? अट शरियत आणि सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसेल तर न्यायालये ती मानतात. पती-पत्नीत बेबनाव झाल्यास पत्नीला खर्च देण्याचा निकाहापूर्वीचा करार अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ सालीच वैध ठरवला होता.

पण वाटेल ते लिहून चालत नाही. भाचीच्या मैत्रिणीने कुठूनसा उतरवून आणलेला चार पानी मसुदा मी पाहिला. 'तलाक झाल्यास बायको पोटगी मागणार नाही.' ही ओळ कोर्टात टिकत नाही. कायद्याने दिलेला पोटगीचा हक्क असा आगाऊ सोडून देता येत नाही. 'मुले बापाकडेच राहतील.' न्यायाधीश मुलाचे हित पाहतो, आईबापांचा कागद नव्हे. 'नवरा दुसरा निकाह करणार नाही.' ही गोड वाटते, पण नुसती एवढीच लिहिली तर दात नसलेली. त्याने दुसरा निकाह केलाच तर तो या ओळीमुळे रद्द होत नाही.

दात येतात ते तफवीज-ए-तलाकने, म्हणजे नवऱ्याने तलाकचा आपला अधिकार बायकोकडे सोपवल्याने. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५० साली अशाच अटीवर बायकोने घेतलेला तलाक मान्य केला. म्हणून आम्ही लिहिले: 'हा निकाह झाल्यावर मी हिच्या लेखी संमतीवाचून दुसरा निकाह केला, किंवा सलग सहा महिने खर्च दिला नाही, तर त्यानंतर ती जेव्हा कधी इच्छील तेव्हा माझ्या वतीने स्वतःवर एक तलाक घेण्याचा हक्क मी तिला देतो.'

यातले 'जेव्हा कधी' गाळू नका. हनफी फिकहप्रमाणे मुदत न सांगता दिलेला हक्क त्या बैठकीपुरताच उरतो. बाई उठली की तो संपला. 'निकाह झाल्यावर' हे शब्दही हवेत, कारण निकाहाआधी त्याच्याकडे सोपवायला तलाकचा अधिकारच नसतो. तीस वर्षांचा संसार दोन शब्दांवर तोललेला असतो, आणि आपण तिथे रेघ मारतो. शिवाय अट मोडल्याने तलाक आपोआप होत नाही. तिने हक्क वापरला, आणि त्याआधी अट मोडली होती, हे दोन्ही तिलाच सिद्ध करावे लागते. म्हणून खर्च रोख न देता बँकेत जमा करायचा, असेही ठरवले.

नवऱ्या मुलाने मसुदा दोनदा वाचून सही केली. मामू अजून माझ्याशी बोलत नाहीत.