किंमत रुपयांत, वाचणारा अरबी

मुंबईहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरचे अत्तराचे छोटे दुकान. पावसाळ्यात मुंबईला येणारी अरब गिऱ्हाइके आणि पुढे वर्षभर त्यांचे फोनवरचे निरोप, यावर बराचसा धंदा चालतो. मुलगा मदरशात अरबी शिकलेला. मस्कतच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी दुकानातल्या मालाचे फोटो मागवले, तेव्हा बाटल्या-बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मुलानेच अरबीत करून पाठवल्या. बाईंनी चार बाटल्या सांगितल्या, पैसेही लगेच धाडले. हिशेब केला तर रक्कम मालाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. बाईंना वाटले दुकानदाराने ऐनवेळी भाव फिरवला, आणि दुकानात सगळे मुलावर उखडले. ‘त्याचे नेमके काय चुकले, एवढे सांगा,’ असे भगिनींनी लिहिले आहे.

आम्ही ते फोटो आणि अरबी चिठ्ठ्या दोन्ही मागवून घेतल्या. मुलाची अरबी चांगली आहे. चूक भाषेत नव्हती, आकड्यांत होती.

पहिली चिठ्ठी शमामाच्या बाटलीवरची: ‘12 मिली, ₹1,450/-’. मुलाला वाटले, रुपयाची ही खूण तिकडे कोणाला कळणार? म्हणून त्याने ती गाळली आणि नुसता आकडा ठेवला, मध्ये स्वल्पविरामासारखी बारीक खूण देऊन. दुसरी चिठ्ठी ऊदच्या बरणीवरची: ‘1 तोळा, ₹2,800’. इथे मात्र त्याने त्या दिवशीचा दर बघून रक्कम ओमानी रियालांत काढली आणि लिहिली, 12.500 रियाल. बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या एकापाठोपाठ वाचल्या. एकीवर रियाल स्पष्ट लिहिलेले, मग दुसरीही रियालांतच असणार, असे त्यांनी धरले. त्यांच्या जागी आम्ही असतो तरी तेच धरले असते.

ओमानच्या रियालात हजार बैसा असतात. (‘बैसा’ हा आपला ‘पैसा’च.) म्हणून तिथे किंमत बिंदूनंतर तीन आकडे देऊन लिहितात. दीड रियाल म्हणजे 1.500. कुवेत आणि बहारीनचे दिनारही असेच हजार भागांचे. आपल्या 1,450 मध्ये खुणेनंतर तीनच आकडे येतात. शिवाय अरबी आकड्यांत दशांशाची खूण स्वल्पविरामासारखी असते आणि हजाराची खूणही जवळपास तशीच. फोनच्या पडद्यावर दोन्हींतला फरक दिसत नाही. चौदाशे पन्नास रुपयांची बाटली बाईंनी ‘एक रियाल चारशे पन्नास बैसा’ अशी वाचली. एक रियाल दोनशे रुपयांहून जास्त असला तरी ही रक्कम खऱ्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या घरातच राहते. पैसे का कमी आले, ते इथे उलगडते.

फोनवर मुलगा म्हणाला, “चाचा, मग सगळ्याच किमती रियालांत काढायच्या होत्या ना?”

आमचे मत उलट आहे. चिठ्ठीचा फोटो पाठवतो तेव्हा दुकानात काय लिहिले आहे ते आपण वाचून दाखवत असतो. दुकानदार पैसे रुपयांतच मागणार. रियाल डॉलरला बांधलेला आहे, रुपया रोज वरखाली होतो. आज बरोबर काढलेले 12.500 पुढच्या महिन्यात बरोबर नसतील, पण चिठ्ठीचा फोटो बाईंच्या फोनमध्ये तसाच राहील. छापील एमआरपी असलेल्या पाकिटावर तर हे आणखी जपायला हवे. ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ हे शब्द कायद्याने रुपयांतल्या त्या आकड्यासाठीच छापलेले असतात. रियालात काढलेल्या आकड्याला ते लावले तर वाक्य खोटे ठरते.

चलन ठेवायचे म्हणजे ₹ ही खूण तशीच चिकटवायची, असे मात्र नाही. ही खूण 2010 साली ठरली. अरब वाचकाला ती माहीत असेलच असे नाही, आणि घाईने हाताने लिहिलेली असली तर ती 2 किंवा 7 सारखीही दिसते. म्हणून अक्षरांत ‘रुपिया हिंदिया’ लिहावे. ‘हिंदिया’ गाळू नये, कारण रुपया पाकिस्तानचाही आहे. मस्कतच्या वडीलधाऱ्यांना हा शब्द परका नाही. रिझर्व्ह बँकेने 1959 पासून खास आखाती देशांसाठी काढलेला रुपया ओमानमध्ये 1970 पर्यंत चालत होता. आकड्यापुढचे ‘/-’ गाळावे, ते आपल्याकडच्याच सवयीचे आहे. हजाराची खूणही काढून टाकावी आणि 1450 सलग लिहावे. लाखाच्या घरातली किंमत असेल तर आपली 1,25,000 ही मांडणी तिकडे छपाईची चूक वाटते. तिथे 125 नंतर हजार हा शब्द लिहिणे सर्वांत बरे.

गिऱ्हाइकाने रियालांतला अंदाज मागितला तर जरूर द्यावा, पण चिठ्ठीच्या खाली, वेगळ्या ओळीत, ‘तकरीबन’ आणि तारीख घालून.

मापाबद्दलही मुलाने विचारले, कारण ऊदच्या चिठ्ठीत त्याने तोळ्याचे ‘12 ग्रॅम’ केले होते. इथे गाठ जरा घट्ट आहे. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आज आपल्याकडे सोन्याच्या दुकानात बोलताना तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात. अत्तरवाल्याची तोळ्याची बाटली 12 मिलीची असते, आणि मिली हे वजनाचे माप नाही, ते जागेचे माप आहे. चंदनाच्या तेलाचे 12 मिली वजनाला साधारण 11.7 ग्रॅम भरते, म्हणून तिथे तोळा आणि बाटली जुळतात. हलके तेल मिसळलेले असेल तर तीच बाटली तितकी भरणार नाही. एका शब्दाची अशी तीन मापे असताना, दुकानदार तराजूत काय टाकतो ते विचारल्याशिवाय अनुवाद करणाऱ्याने ग्रॅम लिहू नयेत. आणि आखातात तर गरजही नाही. ऊद आणि अत्तर तिथेही ‘तोला’वरच विकतात, पाव तोळ्याच्या बाटल्याही मिळतात. शब्द तसाच ठेवावा. वाचणारा इजिप्तचा असेल तर दुकानदाराला विचारून पुढे कंसात ग्रॅम द्यावेत. मिली मात्र कोणासाठीही बदलायचे नाहीत. सगळीकडे तेच माप चालते, फक्त ‘मिलीलितर’ असे पूर्ण लिहावे.

एक गोष्ट आपल्या घरांतल्या मुलांसाठी. अरबी शून्य हा नुसता ठिपका असतो (٠) आणि पाच हे वर्तुळ (٥), आपल्या देवनागरी शून्यासारखे. मुलाच्या तिसऱ्या चिठ्ठीत ‘0.5 तोळा’ होते. ते त्याने अरबी आकड्यांत, पण इंग्रजी बिंदू देऊन लिहिले, त्यामुळे ठिपका, ठिपका आणि वर्तुळ अशी रांग झाली. अशा वेळी अक्षरांत ‘निस्फ तोला’ लिहावे.

बाटलीची नवी चिठ्ठी मुलाने आम्हाला काल दाखवली: शमामा, ١٢ मिलीलितर, ١٤٥٠ रुपिया हिंदिया. बाईंना त्याने जुनी आणि नवी चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून पाठवली, सोबत माफीच्या दोन ओळी. चारांपैकी दोन बाटल्या त्यांनी ठेवून घ्यायला सांगितल्या आहेत.